मामंजी, काका आणि पहिला नमस्कार

होणाऱ्या सासूला पहिल्या भेटीत हाक काय मारायची? लग्न बघून ठरलेलं असो की स्वतः जुळवलेलं, हा पेच प्रत्येक मराठी मुलीपुढे आणि मुलापुढे येतोच. नावाने हाक मारायची सोय नाही. ‘आई’ म्हणायला अजून अवकाश आहे. मग बहुतेक जण ‘काकू’ म्हणून मोकळे होतात. या काकूमध्ये केवढी गंमत दडली आहे, ते कळलं तर पुढच्या वेळी हाक मारताना जीभ क्षणभर अडखळेल.

समजा, गिरगावातली एक मुलगी आज पहिल्यांदा लोअर परळला चालली आहे. मुलाचं घर ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतलं, गाव साताऱ्याकडचं, आजोबा गिरणीत होते. या चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या, त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळायला सुरुवात झाली, पण आपली गोष्ट जुन्या खोलीतली आहे, आणि ते बरंच आहे. कारण १६० चौरस फुटांत काहीच झाकून राहत नाही.

चपला बाहेर कॉमन गॅलरीत निघतात, म्हणजे ‘सूनबाई आल्या’ ही बातमी मजल्यावर आधी पोचते आणि मुलगी आत नंतर येते. आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो. मग मुलगा डोळ्यांनी खुणावतो. पहिला नमस्कार देवाला, कोनाड्यातल्या किंवा फळीवरच्या. दुसरा घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला, म्हणजे आजीला. सासू-सासऱ्यांचा नंबर त्यानंतर. हा क्रम कोणी लिहून दिलेला नाही, तरी तो चुकला की खोलीतल्या प्रत्येकाला कळतं.

आता आजीकडे बघा. ती लोखंडी कॉटवर आडवी झाली होती. मुलगी वाकायला आली तशी तिला दोघांनी धरून उठवून बसवलं. का? कारण आडव्या माणसाच्या पाया पडत नाहीत. तसा नमस्कार फक्त मेलेल्या माणसाला करायचा असतो. गुडघे दुखतात, कंबर धरली आहे, तरी आजी उठून पाय खाली सोडून बसणार. नमस्कार करणाऱ्याला वाकावं लागतं हे आपण बघतो. घेणाऱ्यालाही सावरून बसावं लागतं, हे सहसा नजरेतून सुटतं.

मुलगी कमरेत वाकते, दोन्ही हात पावलांना लावते आणि ते कपाळाकडे नेते. दोन सेकंदांचं काम. पण खरी उत्सुकता पुढच्या सेकंदाची असते, कारण नमस्काराला उत्तर द्यावंच लागतं आणि ते उत्तर बोलून द्यायचं असतं. लग्न झालेल्या सुनेला ‘अखंड सौभाग्यवती भव’ मिळतं. हिचं लग्न अजून व्हायचंय, मग आजी काय म्हणणार? ‘औक्षवंत हो’, ‘सुखी राहा’ म्हटलं तर स्वागत झालं, निकाल अजून राखून ठेवला. ‘लवकर ये गं घरात’ म्हणाली, तर बैठक जिंकली! घरातले बाकीचे लोक तोंडाने पोहे खात असतात आणि कानाने याच वाक्याची वाट बघत असतात.

सगळ्या मराठी घरांत असंच वाकतात असं मात्र नाही. नायगाव किंवा वरळीच्या एखाद्या बौद्ध घरात तीच मुलगी ‘जय भीम’ म्हणेल आणि समोरूनही ‘जय भीम’च येईल, तिथे थोरल्याचा शब्द वेगळा आणि धाकट्याचा वेगळा असं नसतं. माळकरी घरात तर त्याहून गंमत. तुम्ही पाया पडायला वाकलात की समोरचे आजोबाही तुमच्या पायांकडे हात नेतात, आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणा गांगरून मागे सरकतो.

पण पुन्हा परळच्या खोलीत येऊ. सासूबाई मुलीला म्हणाल्या, ‘ये गं, बस इथे.’ पुढच्या रविवारी मुलगा गिरगावात जाईल, तेव्हा मुलीची आई त्याला काय म्हणेल? ‘या, या, बसा ना!’ दोघंही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. दोघंही नोकरी करणारे. मग एकीला ‘बस’ आणि दुसऱ्याला ‘बसा’ का? सून आपली होणार म्हणून तिला लगेच ‘तू’. जावई मात्र कायमचा पाहुणा. साठी उलटलेले सासरे त्याला ‘जावईबापू, घ्या ना’ म्हणत आग्रह करत राहतात. घरातलं कोण वर आणि कोण खाली, हे इतक्या चोखपणे सांगणारं क्रियापद! मला ही विषमता खटकते. आता बऱ्याच घरांत जावयालाही नावाने आणि ‘अरे-तुरे’ने बोलावतात, ते मला जास्त आवडतं.

बरं, हा जावई सासऱ्यांच्या पाया पडतो ना? हो, पहिल्या भेटीत पडतो. आणि लग्नात, कन्यादानाच्या वेळी? तेव्हा तेच सासरे त्याला विष्णुस्वरूप मानून त्याचे पाय धुतात आणि सासूबाई तांब्यातून पाणी घालतात. तेवढ्या वेळापुरती नमस्काराची दिशाच उलटते! विधी संपला की जावई पुन्हा त्यांच्याच पाया पडायला वाकतो. हल्ली पुष्कळ घरांनी पाय धुणं बंद केलं आहे, पण दोन्ही दिशा एकाच लग्नात सुखाने नांदत होत्या, ही गोष्ट काही साधी नाही.

आता हाकेकडे वळू. या मुलीच्या होणाऱ्या सासूबाई तीसेक वर्षांपूर्वी सून म्हणून याच खोलीत आल्या, तेव्हा त्यांनी आपल्या सासूला ‘आत्याबाई’ म्हटलं होतं आणि सासऱ्यांना ‘मामंजी’. जुन्या मराठी घरांत हे सर्रास होतं. पण आत्या म्हणजे तर बापाची बहीण! आणि मामा आईचा भाऊ. कालपर्यंत अनोळखी असलेल्या माणसांना ही नाती कुठून चिकटली?

कागदावर एक भाऊ आणि एक बहीण काढा. भावाला मुलगी झाली, बहिणीला मुलगा झाला. या दोघांचं लग्न लावा, म्हणजे मुलाने मामाची मुलगी केली. आता मुलीच्या जागी उभं राहून बघा. तिची सासू कोण? बापाची बहीण, म्हणजे सख्खी आत्या. मुलाच्या जागी उभे राहा. त्याचा सासरा कोण? सख्खा मामा. आणि सासू? मामी. म्हणून तर आजही सातारा-सांगलीकडे कितीतरी जावई सासू-सासऱ्यांना सरळ मामा-मामी म्हणतात.

एक धागा उरला. मुलीचा सासरा तर आत्याचा नवरा. त्याला आपल्याकडे आतोबा म्हणतात. मग तो मामंजी कसा झाला? इथे साटंलोटं आठवा. दोन घरांनी एकमेकांकडे बहिणी दिल्या, तर या घरातल्या मुलीच्या आईचा भाऊ आणि आत्याचा नवरा हा एकच माणूस निघतो! अशा सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या की दोन नात्यांना दोन शब्द लागतच नाहीत. कानडीत ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. तमिळमध्येही तोच हिशेब. उत्तर हिंदुस्थानात मात्र मामाच्या मुलीशी लग्न हा विचारसुद्धा अनेकांना सहन होत नाही. तिथे बुआ वेगळी आणि सास वेगळी.

म्हणजे मराठी भाषा उत्तरेकडच्या कुळातली, आणि तिच्या सासरच्या हाका दक्षिणेच्या! इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्र हा या दोन पद्धतींच्या मधला प्रदेश असल्याचं दाखवलं. (त्या स्वतः महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, हेही जाता जाता लक्षात असू द्या.) आणि ही रीत किती जुनी? बौधायनाच्या धर्मसूत्रात, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, मामाची मुलगी करणं हा दक्षिणेकडच्या लोकांचा आचार म्हणून नोंदला आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातल्या लग्नाला मनाई करताना, रूढी असेल तर चालेल, अशी वाट ठेवली.

ही रीत सगळ्यांची नव्हती. कोकणस्थांत मामेबहिणीशी लग्न सहसा होत नसे, तरी त्यांच्याही घरात सासरे मामंजीच होते. गिरणी जाऊन टॉवर आला तरी बसथांब्यावर तिचं नाव टिकतं, तसा हा शब्द रीत नसतानाही टिकला.

आता त्या ‘काकू’कडे या. काका म्हणजे बापाचा भाऊ. काकाची मुलगी ही चुलतबहीण, म्हणजे बहीणच; तिच्याशी लग्न कोणत्याच मराठी जातीत बसत नाही. मावशीच्या मुलांचंही तेच. म्हणजे गिरगावातून परळला गेलेली मुलगी ‘नमस्कार काकू’ म्हणते, तेव्हा जुन्या हिशेबाने ती होणाऱ्या नवऱ्याला चक्क भाऊ करून टाकते! चाळीत समोरच्या खोलीतले ते काका, खालच्या मजल्यावरची ती मावशी, असं म्हणत वाढलेल्या शहराने आदराची तीच हाक सासरी नेली. आणि खोलीतलं कोणीही दचकत नाही, आजीसुद्धा नाही. तिने स्वतः आयुष्यभर आत्याबाई म्हटलेलं असतं.

लग्नानंतर काकूची आई होते आणि नवा चमत्कार घडतो. माहेरच्या आईला ‘आई, तू जेवलीस का?’ आणि सासरच्या आईला ‘आई, तुम्ही जेवलात का?’ हाक तीच, क्रियापद वेगळं. मैत्रिणींत बोलताना गोंधळ नको म्हणून मुली सासूला ‘अहो आई’ म्हणतात. एका ‘अहो’ने दोन्ही आया वेगळ्या झाल्या.

तुमच्या घरात अजून मामंजी किंवा आत्याबाई म्हणणारी कोणी असेल, तर तिला एवढंच विचारा: लग्नाआधी तुमचं काही नातं होतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर तुमच्याच घराण्यात बौधायनाने लिहिलेली रीत पाळली गेली आहे. ‘नाही’ आलं, तर तिने नुसता शब्द जपला आहे. दोन्हीपैकी जे असेल ते लिहून ठेवा, कारण पुढची सून काकूच म्हणणार आहे.