पिळायचं नाही, दाबायचं

गेल्या वर्षी टाकून द्यायला काढलेली माझी एक ब्रा मी कात्रीने उसवून पाहिली. वायरची, फोमचे कप असलेली, चांगल्या दुकानातून घेतलेली. सात-आठ महिन्यांत तिचा मागचा पट्टा पाठीवर वर चढायला लागला होता आणि काखेपाशी वायर टोचत होती. माल खराब निघाला असं मी धरून चालले होते. उसवल्यावर मात्र दिसलं की तिची ही दशा धुण्याच्या जागीच झाली होती.

आधी मागचा पट्टा घ्या. ब्राचा बहुतेक भार हाच पट्टा पेलतो. खांद्यावरचे पट्टे फक्त कप जागेवर ठेवतात, म्हणून मागचा पट्टा सैल झाला की सगळा ताण खांद्यांवर येतो आणि तिथे वळ उमटतात. या पट्ट्यात आपण ज्याला लायक्रा म्हणतो तो धागा असतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८मध्ये तयार केला. तो कित्येक पट ताणला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येतो, पण उष्णता, ब्लीचमधलं क्लोरीन, घाम आणि अंगाचं तेल या गोष्टी त्याला कमजोर करतात. माझ्या ब्राच्या पट्ट्यातून बारीक पांढरे केसासारखे धागे बाहेर आले होते. ते तुटलेलं इलॅस्टिक. एकदा ते तुटलं की कुठल्याही उपायाने जुळत नाही.

घाम आणि तेल इलॅस्टिकला मारतात, म्हणजे न धुता दिवसच्या दिवस वापरत राहणंही वाईटच. पण हा मळ चिखलासारखा चिकटलेला नसतो. थोडा साबण आणि थोडा वेळ मिळाला की तो पाण्यात सुटतो. त्यासाठी ब्रश, दगड किंवा धोपटणं यांची गरज नाही. आपण सवयीने साडी-चादरीचीच पद्धत या कपड्याला लावतो.

आता माझी पद्धत सांगते. आधी सगळे हुक लावून टाकते, नाहीतर ते लेसमध्ये अडकून ती फाडतात. कप काढता येण्यासारखे असतील तर काढून वेगळे धुते. मोठ्या टबात चार-पाच लिटर साधं पाणी घेते. पाणी हाताला गार किंवा जेमतेम कोमट लागावं. त्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड चमचाभर आधी नीट मिसळते आणि मग कपडे घालते. लिक्विड नसलं तर थोडा शाम्पू चालतो. साबणाची वडी मात्र टाळावी, विशेषतः जिथे बोअरचं जड पाणी येतं तिथे. जड पाण्यात वडीच्या साबणाचा पांढरा चिकट थर बनतो आणि तो फोममध्ये जाऊन बसतो. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, तोही नाजूक कापडाला जड जातो.

पंधरा-वीस मिनिटं भिजवणं पुरतं. रात्रभर ठेवलं तर रंग उतरतो आणि वास धरतो. मग तळव्याने पाण्यात हलकेच दाबत राहायचं, स्पंज दाबतो तसं. घाम सगळ्यात जास्त साचतो तो कपाखालच्या पट्टीत आणि काखेपाशी. तेवढ्याच जागा बोटांच्या टोकांनी चोळायच्या. दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढायचं. दाबल्यावर पाणी बुळबुळीत लागलं नाही की झालं. सुगंधी सॉफ्टनर घालू नये, त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो. मासिक पाळीचे डाग निकरवर असतील तर आधी गार पाण्यातच काढावेत, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो.

खरा घोटाळा यानंतर होतो. आपला हात सवयीने कपडा पिळायला जातो. वायर म्हणजे पातळ पट्टीसारखी, बहुधा पोलादाची, कमान. ती अंगाच्या दिशेने थोडी उघडते-मिटते, पण पिळल्यावर तिला आडवा पीळ बसतो. माझी काढलेली वायर मी टेबलावर ठेवली तर तिचं एक टोक वर उचललेलं राहिलं. जोडीची दुसरी वायर सपाट बसली. बोटांनी सरळ करून पाहिली, पण पहिल्यासारखी झाली नाही. अशी वाकडी वायर तिच्या कापडी नळीच्या टोकाला सतत रेटा देते आणि एक दिवस शिवण फाडून बाहेर येते. शिवण नुकतीच उसवली असेल आणि वायर सपाट असेल तर चार टाके घालून ती वाचते. वाकडी असेल तर टाके पुन्हा उसवतात.

फोमचं वेगळंच. त्याला साच्यात उष्णता देऊन गोलाई दिलेली असते. पिळल्यावर किंवा एक कप उलटा करून दुसऱ्यात बसवल्यावर त्यावर घडी पडते आणि ती कुडत्यावरून दिसते. म्हणून पाणी काढायला जाड टॉवेल घ्यायचा. त्यावर ब्रा पसरायची, टॉवेलची गुंडाळी करायची आणि वरून दाबायचं. फोम बरंच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे दोनदा दाबावं लागतं. टॉवेल उघडल्यावर आतून बोटं फिरवून कप पुन्हा गोल करायचे. ओले असताना ते सहज ऐकतात.

वाळत घालताना खांद्याच्या पट्ट्याने टांगू नये. ओल्या कपांचं वजन पट्ट्यावर येतं आणि इलॅस्टिक तासन्तास ताणलेलं राहतं. दोन कपांमधला भाग दोरीवर टाकायचा, म्हणजे वजन दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. सावली आणि वारा हवा; कडक ऊन, इस्त्री, ड्रायर यांपैकी काहीही नको.

आणि कृपा करून त्यावर ओढणी टाकू नका. आपल्या घराघरांत ब्रा-निकर टॉवेलाखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळवतात, कुणाला दिसू नयेत म्हणून. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत तसं केलं तर फोम दुसऱ्या दिवशीही आतून दमट राहतो. मग कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात आणि अंगाला खाज सुटते. आडोसाच हवा असेल तर आतल्या दोरीवर वाळवा आणि समोरच्या दोरीवर चादर घाला, मध्ये हातभर जागा ठेवून. वारा खेळला पाहिजे. पंख्याखालीही वाळतं. कप दाबून गार लागला तर अजून ओल आहे असं समजावं.

रोज हाताने धुणं जमत नसेल तर मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, जीन्सपासून वेगळं धुवावं. वायरची ब्रा मात्र मी मशीनमध्ये घालत नाही. ड्रमच्या वेगात तिलाही पीळ बसतो. साध्या सुती निकरांना यातलं फार काही लागत नाही.

इलॅस्टिक थोडं सैल होणारच, कितीही जपलं तरी. म्हणून हुकांच्या तीन ओळी असतात. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या ओळीवर घट्ट बसेल अशीच घ्यावी आणि पट्टा सैल होईल तसं आत सरकावं. सगळ्यात आतल्या ओळीवरही पट्टा वर चढत असेल, ताणून सोडल्यावर सावकाश परतत असेल, तर तिचं आयुष्य संपलं. एकच ब्रा सलग दोन दिवस घालू नये, घाम पुरता वाळून इलॅस्टिकला मूळ लांबीवर यायला एक दिवस मिळावा.

उसवलेल्या ब्राच्या जागी मी त्याच नमुन्याची दुसरी घेतली. तिला आता चौदा महिने झाले. पहिली आठव्या महिन्यात आतल्या ओळीवरही सैल होती; ही अजून मधल्या ओळीवर आहे.