बाळंतिणीचा डबा आणि दारावरचा कागद

गेल्या श्रावणात आमच्या समोरच्या वहिनींकडे बाळ आलं. वहिनींची आई गावी आजारी, सासूबाईंचे गुडघे दुखरे, मोठी मुलगी पाच वर्षांची आणि भावोजी हॉटेलात नोकरीला. शेजारणी मदतीला धावल्या. पण पहिल्या चार दिवसांत तीन घरांतून डिंकाचे लाडू गेले, दोन घरांतून अळिवाची खीर गेली आणि पोळी-भाजी मात्र एकाही घरून गेली नाही! सासूबाईच मला म्हणाल्या, "लाडवांनी डबे भरले गं, जेवायला काय करू?"

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, वेळापत्रक करण्याची सवय आहे. म्हणून कागद-पेन घेऊन बसले. सवा महिना धरला, त्यातले पाच दिवस झालेले, म्हणजे उरले पस्तीस. रविवारी भावोजी घरी, तेव्हा स्वयंपाक त्यांचा. राहिले तीस दिवस. आम्ही सहा घरं, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यातून एक ठरलेला वार आणि एकूण पाच डबे. फक्त दुपारचं जेवण, साडेअकरापर्यंत: दहा पोळ्या, दीड वाटी तांदळाचा भात, एक भाजी आणि पातळ वरण किंवा आमटी. रात्री सासूबाई मुगाची खिचडी टाकणार.

एक ओळ मी मुद्दाम लिहिली: "डबा रिकामाच परत येईल." आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, नाही का? मग ती बिचारी बाळाला मांडीवर घेऊन शेजारणीच्या डब्यात काय घालू म्हणून घर धुंडाळत बसते. ओळ वाचून सगळ्या हसल्या, पण पाळली सगळ्यांनी.

माथेरानात दस्तुरी नाक्याच्या आत रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर मोटार येत नाही. पावसात डबा न्यायचा तो लाल चिखलातून, एका हातात छत्री धरून. शिवाय माकडं! नुसतं झाकण ठेवलेला डबा त्यांनी दोनदा पळवला. तेव्हापासून कडीचा डबा, तोही नाडीच्या पिशवीत, असा नियमच केला.

कागदाच्या खाली मी 'काय चालत नाही' असं लिहून यादी दिली होती. पडवळ, कारलं, शेंगदाणे, वांगं, फार तिखट, सुरण. अशी एका ओळीत, जसं वहिनी सांगत गेल्या तसं. आणि चूक झाली ती इथेच.

वहिनींना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लहानपणापासून आहे, म्हणून त्यांनीही ते सहज सांगितलं. पण पडवळ आणि वांग्याच्या मध्ये बसलेला शेंगदाणा वाचणारीला नावडीचाच वाटणार. एका काकूंनी पोहे पाठवले, दाणे वेचून काढून! दाणे वेचले तरी ज्या तेलात ते परतले तेच तेल पोह्यांना लागलेलं असतं. वहिनींनी ते खाल्ले नाहीत, हे नशीब.

पण दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी माझा वार होता. माझा उपास. सकाळी साबुदाण्याच्या खिचडीसाठी मिक्सरमध्ये दाण्याचं कूट केलं, भांडं विसळलं आणि त्यातच डब्यासाठी ओल्या नारळाची चटणी वाटली. चटणीत दाणा नव्हता, मी निर्धास्त होते. जेवायला बसल्यावर पंधरा मिनिटांत वहिनींचे ओठ चुरचुरू लागले, मानेवर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला. पाऊस धो धो. रुग्णवाहिका येऊन त्यांना घाट उतरून खाली नेईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. श्वासाला काही झालं नाही, औषधांवर भागलं आणि संध्याकाळी त्या घरी आल्या.

घरी येऊन मी मिक्सरचं भांडं उलटं करून पाहिलं. पात्याखालच्या रबरात कुटाचा तेलकट थर बसलेला होता. नुसत्या विसळण्याने तो निघत नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते नव्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं. गांधी उठल्या तर लगेच खाणं थांबवायचं आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर गोळी देऊन वाट पाहत बसायचं नाही. तिथे मांडीत ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शनच लागतं. तोवर पेशंटला चालवायचं नाही. आडवं ठेवायचं, आणि धाप लागत असेल तर बसवायचं. खाली उतरायला वेळ लागतो, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी रुग्णवाहिकेला फोन आधी, चर्चा नंतर. फोन नंबरही तिथेच लिहिला.

नव्या कागदाचे मी तीन भाग केले. पहिला धोक्याचा, लाल पेनने. तिथे फक्त शेंगदाणा, पण त्याची सगळी सोंगं उघडी करून: कोशिंबिरीतलं कूट, भरल्या वांग्यातलं कूट, दुधीच्या भाजीला लावलेलं, अळूच्या फदफद्यातले दाणे, लसणीच्या चटणीतले, ठेच्यातले. घाण्याचं शेंगदाणा तेल नको. बाजारची चिक्की नको, आणि चिक्की होते त्याच दुकानातले लाडूही नकोत. वाटलेली चटणी नकोच, नारळ विळीवर खवून घालावा. डब्याचा स्वयंपाक आधी, स्वच्छ कढईत आणि वेगळ्या डावाने, उपासाचं त्यानंतर. श्रावणात घरोघरी उपास, आणि उपास म्हटला की खिचडी नाहीतर भगरीबरोबर दाण्याची आमटी. तेव्हा सोमवार आणि शनिवार मी उपास न करणाऱ्या दोन घरांना दिले. त्यातलं एक घर घोडेवाल्या चाचांचं. चाचींनी तूरडाळीचं वरण आणि दोडक्याची भाजी अशी केली की सासूबाईंनी कृती विचारून घेतली.

दुसरा भाग पथ्याचा. इथे मतं भारी! एक म्हणे भात नको, दुसरी म्हणे डाळीने बाळाचं पोट दुखतं, तिसरी म्हणे पालेभाजी नको. वहिनींनी डॉक्टरांना विचारलं. नुसत्या शंकेवरून काही सोडू नका, दूध पाजणाऱ्या आईने सगळं पोटभर खावं, असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे या भागात दोनच गोष्टी राहिल्या. तिखट कमी, ते वहिनींनाच नको होतं. आणि बाळंतशोपा रोज चमचाभर, ही सासूबाईंची इच्छा. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तिसरा भाग नावडीचा, पेन्सिलने. वहिनींना पडवळ, भावोजींना कारलं आणि सुरण, छोटीला वांगं. इथे चूक झाली तर फार तर भाजी उरेल. पेन्सिल अशासाठी की आवडी बदलतात. तिसऱ्या आठवड्यात छोटीने चाचींचं वांग्याचं भरीत दोनदा मागून खाल्लं, तेव्हा ते नाव खोडलं.

कागदाच्या सहा प्रती हाताने केल्या. फोनवर फोटो पाठवता आला असता, पण पावसात वीज जाते, फोन बंद पडतो, आणि स्वयंपाक करताना कणकेच्या हाताने फोन बघतंय कोण? प्रत्येकीने आपली प्रत ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. वहिनींच्या दारावरची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावली. ती पाहुण्यांसाठी. मुंबईहून येणारी मावशी हमखास हातात चिक्कीचा पुडा घेऊनच येते ना!

तिसावा डबा माझाच होता. मुगाचं वरण, भात, पोळ्या, लाल भोपळ्याची भाजी, वर विळीवर खवलेला नारळ. संध्याकाळी डबा परत आला. उघडला तर आत चिठ्ठी: "डबा रिकामाच पाठवते आहे, नियम म्हणजे नियम!"