गंध आणि भस्म: आधी झटका, मग पाणी

पूजा आटोपली की उपरण्यावर गंधाचा ठिपका दिसतो आणि हात आपसूक ओल्या फडक्याकडे जातो. डाग पक्का होतो तो तिथेच. सहाणेवर उगाळलेलं चंदन म्हणजे लाकडाची अतिशय बारीक पूड, पाणी आणि थोडंसं चंदनतेल. भस्म ही तर नुसतीच राख. दोन्ही मुळात भुकट्या आहेत आणि त्या पाण्यात विरघळत नाहीत. ओल्या फडक्याने पुसलं की त्या धाग्यांच्या आत जाऊन बसतात.

म्हणून सुती धोतरावरचं वा सदऱ्यावरचं गंध आधी पूर्ण वाळू द्यावं. मग चमच्याच्या कडेने हलकेच खरवडावं, कापड झटकावं आणि मऊ ब्रशने उरलेली पूड काढावी. त्यानंतर डाग उलट बाजूने गार पाण्याच्या धारेखाली धरायचा, म्हणजे पूड आली त्याच वाटेने बाहेर पडते. चंदनाचं तेल नुसत्या पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब डागावर चोळून दहा मिनिटं ठेवावेत आणि मग कपडा नेहमीसारखा धुवावा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री मात्र फिरवू नये; उष्णतेने उरलेला रंग आणखी घट्ट बसतो.

साबण लागताच पिवळा डाग लालसर झाला, तर घाबरू नका. गंधात हळद आहे एवढंच त्यावरून कळतं. हळदीचा रंग साबणाच्या क्षाराने लाल होतो आणि नीट खळबळलं की पुन्हा पिवळा दिसतो. तो उन्हात टिकत नाही, म्हणून पांढरा सुती कपडा ओलाच कडक उन्हात वाळत घालावा; दोन-तीन उन्हांत फरक दिसतो. रक्तचंदनाचं तसं नाही. त्याचा लाल रंग पाण्यात जवळजवळ उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून डाग टिपायचा, घासायचा नाही. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून कापडाचा स्वतःचा रंग जात नाही ना, ते पाहावं. समई किंवा निरांजन जवळ जळत असेल तर स्पिरिटची बाटली उघडूच नये.

रेशमी सोवळ्याला खरा धोका भस्माचा. राख ओली झाली की तिच्यातला क्षार मोकळा होतो आणि क्षार रेशमाला खातो. घामाने भिजलेल्या सोवळ्यावर भस्म तसंच राहिलं, तर पुढच्या वर्षी घडी उघडताना नेमकं तिथलंच कापड विरलेलं सापडतं. तेव्हा सोवळं त्याच दिवशी झटकावं आणि सौम्य शाम्पूच्या गार पाण्यातून काढावं. जरीकाठ असेल तर सरळ ड्रायक्लीनला द्यावं. क्लोरीनचं ब्लीच रेशमाला कधीही लावू नये.

संगमरवराची गोष्ट वेगळी. आमच्या देवघराच्या पांढऱ्या ओट्यावर गणपतीनंतर तळहाताएवढा केशरी डाग राहिला होता. अष्टगंध ओलं होऊन रात्रभर तिथे साचलं होतं. काकूंनी लिंबू चोळलं. रंग किंचित उतरला, पण तेवढी जागा कायमची निस्तेज झाली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला विरघळवतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि तांब्या-पितळेची भांडी उजळायची आंबट पावडर यांतलं काहीही दगडाला लावू नये. अभिषेकाचं दही सांडलं तरी ते लगेच टिपून घ्यावं. भस्मही ओट्यावर रगडू नये. राखेतले वाळूसारखे कण संगमरवरापेक्षा कठीण असतात, त्यांचे ओरखडे उठतात. ते कोरड्या मऊ ब्रशने उचलून घ्यावं.

उरलेला केशरी रंग आम्ही लेपाने काढला. चार चमचे शंखजिऱ्याची पूड, म्हणजे बिनवासाची टाल्कम पावडर, औषधाच्या दुकानातल्या ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवली. हातमोजे घातले आणि जवळच्या पितळी मूर्ती आधीच हलवल्या. डागाच्या बोटभर बाहेरपर्यंत, साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर दिला. त्यावर प्लास्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. चोवीस तासांनी प्लास्टिक काढलं आणि लेप खडखडीत वाळू दिला. हा वाळण्याचा वेळ महत्त्वाचा आहे, कारण वाळताना लेप दगडातलं पाणी वर ओढतो आणि त्याबरोबर रंगही येतो. लेप लाकडी पट्टीने काढून ओल्या फडक्याने जागा पुसली. पहिल्या खेपेला डाग निम्मा गेला, तिसऱ्या खेपेला दिसेनासा झाला.

हा लेप पांढऱ्या दगडासाठीच. काळ्या किंवा हिरव्या संगमरवराचा रंग पेरॉक्साइडने उडू शकतो. डाग रंगीत नसून नुसताच गडद, ओलसर दिसत असेल तर तो समईच्या तेलाचा समजावा आणि लेप खाण्याचा सोडा व पाणी यांचा करावा. तिरप्या उजेडात जागा फक्त मंद दिसत असेल, तर तो डागच नाही, झीज आहे. काकूंच्या लिंबाची खूण अशीच आहे आणि ती कुठल्याही लेपाने जाणार नाही. तिथे दगडाला पॉलिश करणाऱ्या कारागिरालाच बोलवावं लागतं.