सहा ग्राहक, एक रुखसाना भाभी

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची तिचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. सिहोऱ्यात राहून ती घरूनच मोजडी आणि कोल्हापुरी विकते. नागपूरच्या ठोक बाजारातून तिने ४२ जोड आणले होते, म्हणजे जवळपास १६ हजारांचा माल. पैसे तिच्या अम्मीच्या बचत गटातून उचललेले. सहा आठवड्यांत ९ जोड गेले होते आणि एप्रिल संपत आला होता. आपल्या झाडीपट्टीत जूनमध्ये पाऊस लागला की लग्ने थांबतात आणि कपाटातल्या चामड्यावर बुरशी चढते. तिच्या हातात सहा आठवडे होते.

“खाला, फोटोला साठ-साठ लाइक येतात. मग ऑर्डर का येत नाही?” तिने विचारले.

मी फोटोखालची ओळ वाचली. “रॉयल एथनिक मोजडी! ट्रेंडी लुक, लिमिटेड स्टॉक, जल्दी करा! किंमत इनबॉक्समध्ये.” शाळेत निबंध तपासताना मी मुलांना एकच प्रश्न विचारते, “हे तू कोणाला सांगतोयस?” तोच प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, “सगळ्यांना.” तिची अडचण इथेच होती.

व्यापाराच्या भाषेत ज्याला ‘बायर पर्सोना’ म्हणतात, ते म्हणजे ग्राहकाचे एक चित्र. खऱ्या ग्राहकांच्या माहितीवरून एक काल्पनिक माणूस उभा करायचा आणि जे लिहायचे ते त्याच्याशी बोलल्यासारखे लिहायचे. ही पद्धत संगणकाच्या जगातून आली. अमेरिकेतील ॲलन कूपर हे १९८३ साली कामाचे नियोजन करणारा एक प्रोग्राम लिहीत होते. त्यांनी ओळखीच्या सात-आठ जणांशी बोलून माहिती घेतली आणि त्यांतल्या एका स्त्रीवरून ‘कॅथी’ नावाचे पात्र मनात तयार केले. दुपारी फिरायला गेले की ते कॅथी होऊन स्वतःशीच बोलत आणि तिला काय लागेल, काय लागणार नाही ते ठरवत. पुढे १९९९ साली त्यांनी पुस्तक लिहून ही पद्धत जगापुढे मांडली. सुरुवात मात्र सात-आठ माणसांपासूनच झाली होती. आमच्या सिहोऱ्यातही तेवढी माणसे होतीच.

आम्ही आधी ९ जोडांचा हिशेब मांडला. त्यांतले तीन जोड नात्यातल्या बायकांनी मुरव्वतीखातर घेतले होते. मुरव्वतीत घेणारी व्यक्ती आपल्या नात्याला पैसे देते, वस्तूला नाही. म्हणून त्या तिघींना यादीतून काढले. उरलेले सहा जोड पाच बायकांनी घेतले होते, कारण तुमसरच्या एका भाभींनी दोन जोड नेले होते. या पाचांपैकी एकीने जोड बदलून मागितला होता, तिला मुद्दाम यादीत ठेवले. सहावी अशी निवडली की जिने विचारपूस केली, पण घेतले नाही. आनंदी ग्राहक आपल्याला काय चांगले आहे ते सांगतो. कुठे अडते ते मात्र बदलून मागणारी आणि न घेणारीच सांगते.

मग सहा जणींशी बोलायचे होते. भाचीने प्रश्न लिहून आणले होते: “तुम्हाला आमची मोजडी आवडते का? तुम्ही पुन्हा घ्याल का?” ते मी खोडले. अशा प्रश्नाला सभ्य माणूस “हो” म्हणतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. पुढे काय कराल, हे विचारण्याऐवजी मागच्या वेळी काय झाले, ते विचारायचे. आम्ही पाच प्रश्न ठेवले. कोणत्या कामासाठी पाहत होता? फोटो पाहिल्यावर आधी काय केले? घरी कोणाला दाखवला? पैसे देण्याआधी कशाची धास्ती वाटली? घातल्यावर काय झाले? उत्तर ज्या शब्दांत आले, त्याच शब्दांत वहीत लिहायचे, आपल्या शब्दांत सुधारून नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश होतेच. लोकांनी आपणहून काय विचारले, ते तिथे लिहिलेलेच होते.

दोन दिवसांनी वहीत सहा पाने भरली. एका कागदावर आम्ही सहा आडव्या ओळी आखल्या आणि प्रत्येकीच्या उत्तरासमोर खुणा केल्या. चौघींनी लग्नासाठी घेतले होते, स्वतःच्या नव्हे तर मुलीच्या, भावाच्या, भाच्याच्या. शेजारच्या काकूंनीही भाच्याच्या लग्नासाठीच घेतले होते. पाच जणींना एकच धास्ती होती. तुमसरच्या भाभींचे शब्द होते, “टाचेला काटेगी तो नहीं?” काकूंचे होते, “नंबर चुकला तर परत कोण घेणार?” चौघींनी फोटो आधी घरातल्या मुलीला किंवा नणंदेला दाखवला होता. आणि सहाही जणींना किंमत विचारावी लागली होती, कारण ती लिहिलेलीच नव्हती. फक्त कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने ईदच्या ड्रेसशी रंग जुळतो म्हणून घेतले होते. ‘रॉयल’, ‘ट्रेंडी’ हे शब्द सहांपैकी एकीच्याही तोंडी आले नव्हते.

जिने घेतले नाही, तिने एकच गोष्ट विचारली होती, “आतले अस्तर कशाचे आहे?” डुकराचे चामडे अस्तराला वापरले जाते, हे तिने ऐकले होते. भाचीला उत्तर माहीत नव्हते. तिने दोन दिवसांनी ठोक व्यापाऱ्याला विचारून “बकरीचे” असे कळवले, तोवर त्या बाईंनी दुसरीकडून घेतले होते.

जे चौघी-पाचजणींत आले ते आम्ही घेतले आणि जे एकीतच होते ते बाजूला ठेवले. अस्तराचा प्रश्न मात्र एकीचाच असूनही ठेवला, कारण आपल्या घरांत तो मनात येतो, पण प्रत्येक जण विचारतोच असे नाही. मग एका कार्डावर हे लिहिले:

रुखसाना भाभी, वय चाळीसच्या आसपास (वय अंदाजे). घरात लग्न आहे. दोन दिवस उभे राहून पाहुण्यांचे पाहायचे आहे. स्वतःसाठी खरेदी सगळ्यांत शेवटी करते. फोटो मुलीला दाखवून मग विचारते. धास्ती दोन: टाच सोलली जाईल आणि नंबर चुकेल. अस्तर कशाचे हे कळले तर बरे. किंमत आधी कळली नाही तर विचारायला संकोचते (अंदाजे).

ज्या गोष्टी वहीतून आल्या नाहीत, त्यांच्यापुढे ‘अंदाजे’ लिहिणे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर महिन्याभराने आपलाच अंदाज आपल्याला खरा वाटू लागतो. दुसरी काळजी अशी की कार्डावरचे नाव आणि चेहरा कुठल्याही खऱ्या ग्राहकाचा नसावा. तुमसरच्या भाभींनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. तिच्यावरून ओळ सुचावी, पण वाचणाऱ्याने त्यांना ओळखता कामा नये.

त्याच मोजडीच्या, त्याच फोटोखाली नवी ओळ अशी झाली:

“लग्नघरात दोन दिवस उभे राहायचे आहे? सपाट टाचेची मोजडी, आत मऊ गादी, अस्तर बकरीच्या चामड्याचे. किंमत ५८० रुपये. पाऊल कागदावर ठेवून आखा आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत किती सेंटिमीटर ते कळवा, नंबर आम्ही सांगू. न वापरलेला जोड आठ दिवसांत बदलून मिळेल.”

पहिले वाक्य तिच्या प्रसंगाचे आहे, कारण इन्स्टाग्रामवर लांब मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचे उघडावे लागते. नंतरचे प्रत्येक वाक्य वहीतल्या एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. जे वाक्य कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते, ते काढून टाकले.

इथे भाचीकडून एक चूक झाली. उत्साहात तिने एका जोडाखाली लिहिले, “अजिबात चावत नाही.” चौथ्या दिवशी एक बाई टाचेवरचा फोड दाखवत आल्या. जोड वापरलेला होता, तरी पैसे परत द्यावे लागले. नवी चामड्याची मोजडी सुरुवातीला घट्टच असते आणि वापराने पायाच्या आकाराला येते. म्हणून धास्तीचे उत्तर वचनाने नाही, माहितीने द्यावे. आम्ही ओळ बदलली: “चामडे नवे असताना टाचेला घट्ट लागते. लग्नाआधी चार-पाच दिवस मोजे घालून घरात रोज अर्धा तास वापरा.” हे वाचून कोणी पळून गेले नाही. उलट बायका लग्नाच्या आठवडाभर आधी मागवू लागल्या. कोल्हापुरीच्या बाबतीतही असेच. ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील मालापुरते आहे. माल कुठला हे ठाऊक नसेल, तर “कोल्हापुरी पद्धतीची” एवढेच लिहावे.

चित्र बरोबर आहे की नाही, हे लाइकवरून कळत नाही. आम्ही वहीत रोज आलेले प्रश्न मोजले. ओळ नेमकी असेल तर “किंमत?” आणि “चावेल का?” असे प्रश्न कमी होतात आणि “शुक्रवारपर्यंत मिळेल का?” असे वाढतात. दुसऱ्या आठवड्यात तसे होऊ लागले. तेच जुने प्रश्न येत राहिले असते, तर सहा जणींशी पुन्हा बोलावे लागले असते.

या पद्धतीची मर्यादाही सांगते. सहा माणसांवरून लोकांच्या मनात कोणते प्रश्न आहेत ते कळते. शंभरातल्या किती जणांच्या मनात आहेत, ते कळत नाही. रुखसाना भाभीचे कार्ड कॉलेजातल्या त्या मुलीला लागू पडत नाही. तिच्यासाठी ईदच्या आधी वेगळ्या ओळी लिहाव्या लागतील, दोघींना एका ओळीत कोंबता येणार नाही. आणि लग्नसराई संपली की हे कार्डही शिळे होते.

जूनच्या दहा तारखेपर्यंत उरलेल्या ३३ पैकी २२ जोड गेले आणि बचत गटाचे हप्ते सुटले. ११ राहिले. ते मोजताना भाची गप्प झाली, कारण त्यांतले ७ जोड चार नंबरचे होते. वहीतल्या सहा जणींपैकी एकीचाही नंबर चार नव्हता. ठोकवाल्याने स्वस्त दिले म्हणून तिने ते उचलले होते. पायात न मावणारी मोजडी कितीही चांगल्या ओळीने विकली जात नाही. पुढच्या वेळी नागपूरला जाताना तिने पिशवीत पैशांसोबत ते कार्डही ठेवले.