साठ अंशांवर शिजलेलं चिकन

बोनलेस चिकन ब्रेस्ट जिमवाल्यांचं लाडकं, पण जबड्याला शिक्षाच. चरबी नावापुरती, त्यामुळे गॅसवर जरा जास्त राहिलं की ते कोरडं ठक्क होतं. मांसातल्या स्नायूंमध्ये अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन असतं. साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पुढे तेही आकसायला लागतं आणि ओलं फडकं पिळावं तसा रस बाहेर पडतो. म्हणजे मऊ चिकन हवं असेल तर त्याच्या अलीकडेच थांबायला हवं.

पण मग जंतूंचं काय?

अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरगुती स्वयंपाकासाठीचा सल्ला 74 अंशांचा आहे. तिथे साल्मोनेला काही सेकंदांत मरतो. त्याच खात्याचे उद्योगांसाठीचे तक्ते मात्र तापमानाबरोबर वेळही सांगतात. त्यांच्या हिशेबाने 60 अंशांना साधारण अर्धा तास राहिलेलं चिकन तितकंच सुरक्षित होतं. फ्रेंच स्वयंपाकघरांतून आलेली ‘सू व्हीद’ पद्धत याच हिशेबावर चालते: मांस पिशवीत बंद करायचं आणि नेमक्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचं.

इथेच अनेकांची गल्लत होते. हा अर्धा तास पाण्यात टाकल्यापासूनचा नव्हे, तर मांसाचा मध्य 60 अंशांना पोचल्यानंतरचा. फ्रिजमधून काढलेला, सर्वांत जाड जागी तीन सेंटिमीटर भरणारा तुकडा घ्या. त्याचा मध्य तापायलाच तासाहून जास्त वेळ जातो. म्हणून 60 अंशांच्या पाण्यात त्याला पुरते दोन तास द्यावेत. वजनापेक्षा जाडी महत्त्वाची: जाडी दुप्पट झाली की तापायचा वेळ जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा इथे पट्टीच कामाची.

मीठ लावलेला तुकडा झिपच्या पिशवीत ठेवून ती उघडीच हळूहळू पाण्यात बुडवावी. पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते, मग झिप बंद करायची. एका पिशवीत एकच थर हवा. पिशवी तरंगली तर वरचा भाग थंड राहतो आणि सगळा हिशेब फसतो, म्हणून ती वजन ठेवून बुडवावी. पाणी फिरवत तापमान स्थिर ठेवणारं यंत्र नसेल, तर निदान खात्रीचा थर्मामीटर हवाच. अंदाजपंचे केलेलं ‘कोमट’ पाणी धोक्याचं, कारण 55 अंशांखाली काही जंतू मरण्याऐवजी वाढू शकतात.

वेळ वाढवून फायदा मात्र नाही. ब्रेस्टमध्ये चिवट कोलॅजन फारसं नसतं, त्यामुळे चार तासांपुढे मांस मऊ न होता भुसभुशीत होतं. कापल्यावर आत किंचित गुलाबी झाक दिसली तर घाबरू नये. कच्चेपणा रंगावरून ठरत नाही. बाहेर काढून ते कोरडं पुसावं आणि कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर परतावं.

लगेच खायचं नसेल तर पिशवी बर्फाच्या पाण्यात घालून झटपट गार करावी आणि मग फ्रिजमध्ये ठेवावी. 60 अंशांना काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. ओट्यावर विसरलेल्या बंद पिशवीत ते पुन्हा वाढू शकतात.