कवळीला नुसती गोळी पुरते का?

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या मुलाने त्यांना पूर्ण कवळी बसवून दिली, त्याला आता चार वर्षे झाली. मुलगा कामावरून येताना मेडिकलमधून कवळी धुण्याच्या गोळ्यांची पाकिटे आणायचा. आजी रोज रात्री ग्लासात पाणी घेऊन त्यात गोळी टाकत, कवळी सोडत आणि सकाळी तीच खळबळून तोंडात घालत. ब्रश मात्र त्यांनी कधीच लावला नव्हता. गोळीने फेस येतो, पाणी रंगते आणि मग रंग उतरतो, म्हणजे कवळी स्वच्छ झाली असे घरात सगळेच धरून चालले होते.

मग नातवंडे म्हणू लागली, आजीच्या तोंडाला वास येतो. सुनेने कवळी हातात घेऊन आतल्या बाजूवर, म्हणजे टाळूला टेकते त्या बाजूवर, बोट फिरवले तर बोट घसरले. माठ बरेच दिवस घासला नाही की आतून जसा बुळबुळीत लागतो, तसाच थर होता. आजींच्या टाळूवर कवळीच्या आकाराचा लालभडक पट्टा उमटला होता. दुखत काहीच नव्हते, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलेही नव्हते.

हे का झाले, ते समजून घेऊ. गोळीत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार आणि सायट्रिक आम्ल असते. पाण्यात पडताच दोन्ही एकमेकांशी मिसळतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. शिवाय त्यात ऑक्सिजन सोडणारे क्षार असतात. ते चहा-पानाचे डाग फिके करतात, वास कमी करतात आणि बरेच जंतू मारतात. पण कवळीवर जमणारा थर म्हणजे नुसती घाण नव्हे. जंतू आणि बुरशी एकमेकांना धरून चिकट पदार्थाखाली तिथे वस्ती करतात. थर जाड झाला की औषध वरवरच्या जंतूंपर्यंत पोचते आणि खालचे तसेच राहतात. तो आधी घासून मोडावा लागतो. करपलेले भांडे पाण्यात भिजवले तरी शेवटी घासावेच लागते, तसेच हे आहे.

म्हणून ब्रश की गोळी असे विचारले, तर आमचे उत्तर आहे : आधी ब्रश, मग गोळी. एकच परवडत असेल तर ब्रश.

ब्रश कशाने करायचा, इथे बहुतेक घरांत चूक होते. कवळी ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकची असते आणि ते आपल्या दातांपेक्षा मऊ असते. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. दात पांढरे करणाऱ्या पेस्टमध्ये आणि दंतमंजनात ते आणखी खरखरीत असू शकतात. राखेचे आणि मिश्रीचे तर बोलायलाच नको. त्यांनी कवळीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी बुरशी त्या ओरखड्यांतच जाऊन बसते. त्यापेक्षा भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब किंवा हात धुण्याचा साधा साबण आणि मऊ ब्रश घ्यावा. हा ब्रश कवळीसाठी वेगळाच ठेवावा.

आजींच्या सुनेने पुढे हे असे बसवले. मोरीच्या शहाबादी फरशीवर पडून कवळीचे दोन तुकडे झालेले आम्ही पाहिले आहे, म्हणून खाली पाण्याने अर्धे भरलेले घमेले ठेवायचे आणि त्याच्यावर हात धरूनच कवळी घासायची. हातातून निसटली तरी पाण्यात पडते. आधी साध्या पाण्याने अन्नाचे कण काढायचे. मग साबण लावून सगळीकडून घासायचे, टाळूची आणि हिरड्यांवर बसणारी बाजू जास्त वेळ. शेवटी पुन्हा बोट फिरवून पाहायचे. बुळबुळीत लागले तर अजून घासायचे. दिसण्यावर जाऊ नये, कारण हा थर ओला असताना दिसतच नाही.

आता गोळी. कवळी पूर्ण बुडेल इतके कोमट पाणी घ्यावे. उकळते पाणी कधीच नको. जंतू मरतील म्हणून काही घरांत कवळीवर कढत पाणी ओततात. त्याने प्लास्टिक वाकते, कवळी हलायला लागते आणि हिरड्यांना जखमा होतात. किती वेळ ठेवायची ते पाकिटावर लिहिलेले असते. काही गोळ्या पाच मिनिटांच्या असतात, काही रात्रभराच्या. बाहेर काढल्यावर वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळावी आणि ते पाणी ओतून द्यावे. अर्धी कवळी धातूच्या तारेची किंवा पट्टीची असेल, तर तिला चालते असे पाकिटावर आहे का ते वाचावे. ब्लीचिंगचे पाणी धातूला खाते, ते घरच्या घरी वापरू नये.

रोज एक गोळी म्हणजे महिन्याला तीस. ज्या घरात तेवढ्या पैशांत औषधे आणावी लागतात, तिथे रोज नीट ब्रश करून आठवड्यातून दोनदा गोळी वापरली तरी हरकत नाही. उलटे मात्र चालत नाही. ज्यांचा एक हात लकव्याने गेला आहे किंवा बोटे संधिवाताने वळत नाहीत, त्यांना गोळीची मदत मोठी. पण त्यांच्या कवळीला ब्रश घरातल्या दुसऱ्याने लावावा.

रात्री कवळी तोंडात ठेवून झोपू नये. जपानमध्ये 85 वर्षे आणि त्यावरील वृद्धांचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. रात्री ती साध्या पाण्यात ठेवावी, कोरडी पडली तर आकार बदलू शकतो. सकाळी कवळी घालण्याआधी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या, टाळू आणि जीभ पुसून घ्यावी.

दात सरळ केल्यानंतर लावायचा रिटेनर हल्ली मोठ्या वयाची माणसेही वापरतात. त्यालाही हेच नियम. पारदर्शक रिटेनर तर कोमटपेक्षा जरा गरम पाण्यातही वाकू शकतो, म्हणून गार पाणीच बरे. एकाच ग्लासात आजोबांची कवळी आणि नातवाचा रिटेनर ठेवू नये.

गोळ्यांबद्दल एक काळजी घ्यावीच लागते. त्या तोंडात टाकायच्या नसतात, त्यांच्या पाण्याने चूळही भरायची नसते. विसरभोळ्या झालेल्या वडीलधाऱ्यांनी औषध समजून गिळण्याची भीती असते, म्हणून पाकीट औषधांच्या डब्यात ठेवू नये. गिळलीच तर उलटी करायला लावू नये, पाकीट घेऊन लगेच दवाखान्यात जावे. काही गोळ्यांत पर्सल्फेट नावाचा घटक असतो आणि त्याची काहींना ॲलर्जी येते. गोळी सुरू केल्यावर हिरड्यांची आग, पुरळ किंवा श्वासाचा त्रास झाला तर ती बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

आजींना सुनेने दातांच्या डॉक्टरांकडे नेले. टाळूवरचा लालपणा बुरशीचा निघाला. तोंडात लावायला औषध मिळाले आणि काही दिवस दिवसाही जमेल तितका वेळ कवळी काढून ठेवायला सांगितले. आजींना साखरेचा त्रास आहे, आणि अशांना ही बुरशी लवकर धरते, म्हणून साखरही तपासली. तीन आठवड्यांत टाळू निवळला. डॉक्टरांनी जाताना एवढेच बजावले, की लाल किंवा पांढरा चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर कवळी लागली असेल असे म्हणून घरी बसायचे नाही. आजी अजून मिश्री लावतात, त्यामुळे हे त्यांच्यासाठी खासच होते.