सहा मुली, चार गाद्या

‘वाढदिवसाला मैत्रिणींना रात्री राहायला बोलवू या’ असं दहा वर्षांच्या लेकीने म्हटलं, की घरातली मोठी माणसं आधी खायला काय करायचं आणि खेळ कुठले घ्यायचे याचा विचार करू लागतात. पण पावभाजी सगळ्याच जणी खातात, आणि खेळ त्या स्वतःसुद्धा शोधून काढतात. मुक्काम बिघडतो तो रात्री दहानंतर. कुणाला झोप येत नाही, कुणाला आईची आठवण येते, दोघी तिसरीला वगळून कुजबुजत राहतात. म्हणून आखणी उलटीकडून करावी. मुली कुठे झोपणार आणि दिवा किती वाजता मालवायचा हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे येत येत संध्याकाळ बसवायची.

पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट धरू. मे महिन्यातला शनिवार, घरची मुलगी धरून सहा जणी. सहा हा आकडा मुद्दाम घेतला आहे. या वयात मैत्री जोड्यांनी चालते. पाच जणी असल्या की प्रत्येक खेळात, प्रत्येक गप्पेत एक उरते, आणि बहुधा तीच ती उरते. तिघींचा मुक्काम तर सगळ्यात अवघड. आठ जणींना नेहमीच्या हॉलमध्ये नीट झोपवता येत नाही, मग दोन खोल्या कराव्या लागतात आणि ‘आम्ही’ आणि ‘त्या’ असे दोन तट पडतात.

ग्रुपवर निमंत्रण टाकलं तरी प्रत्येकीच्या आईला वेगळा फोन करावा. त्यात आपण सांगायचं ते आधी सांगावं: रात्री घरात कोण कोण असणार. आजी-आजोबा, कॉलेजला जाणारा भाचा, राहायला आलेले पाहुणे, सगळे. मुली हॉलमध्ये झोपतील, शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवून तिथे मी झोपेन, असं स्पष्ट शब्दांत सांगावं. समोरच्या आईला हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून तिच्यावर विचारायची वेळच आणू नये. मग आपण विचारायचं: शेंगदाणे, काजू, अंडं यांतलं काही चालत नाही का, दम्याचा पंप किंवा रात्रीचं औषध आहे का, आणि ‘रात्री उठवावं लागतं का?’ हा शेवटचा प्रश्न इतक्याच साध्या शब्दांत विचारावा. दहाव्या वर्षीही शंभरातल्या साधारण पाच मुलांना झोपेत शू होते. ही मुलं अशा मुक्कामाला यायचंच टाळतात, आणि कारण कुणालाच सांगत नाहीत. कळलं तर उपाय सोपा आहे. सगळ्याच गाद्यांवर चादरीखाली मेणकापड घालायचं, म्हणजे कुणा एकीची गादी वेगळी दिसत नाही. रात्री साडेअकराच्या सुमारास त्या मुलीला हळूच उठवून बाथरूमला न्यायचं आणि तिच्या मापाचे कपडे हाताशी ठेवायचे.

एक गोष्ट मात्र मुलींसमोर बोलायची नाही. ‘करमलं नाही तर लगेच फोन कर, बाबा न्यायला येतील’ असं आया निघताना प्रेमाने सांगतात. त्यातून मुलीला कळतं ते एवढंच, की इथे करमणार नाही असं आईलाही वाटतंय. मग पहिली हुरहुर लागताच ती फोनकडे बघायला लागते. घरच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या मुलांबाबत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 साली अहवाल काढला होता. तो लांब मुदतीच्या शिबिरांनाही लागू पडेल असा होता, आणि त्यातही असा करार आधी करू नका असाच सल्ला होता. न्यायला यायची वेळ आलीच तर कोण येणार हे मोठ्यांनी आपसांत ठरवून ठेवावं. घरी एक फोन जरूर होऊ द्यावा, पण तो जेवणाआधी, साडेसातला, बाकीच्यांचा गलका चालू असताना. अंथरुणावर पडल्यावर ऐकलेला आईचा आवाज हमखास रडवतो.

आता गाद्या. हॉलची लांब भिंत चौदा फुटांची आहे. तीन फूट रुंदीच्या चार सिंगल गाद्या शेजारी शेजारी अंथरल्या की बारा फूट होतात, म्हणजे सहा जणींना प्रत्येकी दोन फूट. दहा वर्षांची मुलगी साडेचार फुटांच्या आसपास असते, तेव्हा सहा फुटांची गादी पुरून पायाशी जागा उरते. गैरसोय एकच होते. गाद्या सरकतात आणि दोन गाद्यांच्या फटीत कुणीतरी रात्रभर रुतून राहतं. खाली सतरंजी घातली की गाद्या घसरत नाहीत. वर मोठ्या चादरी सांध्यावरून आडव्या जातील अशा अंथरून कडा गादीखाली घट्ट खोचायच्या. सगळ्यांची डोकी एकाच बाजूला, पंखा पोटावर येईल अशी. उशी आणि पांघरूण मात्र प्रत्येकीने घरून आणावं. आपल्या घराचा वास असलेली गोधडी अनोळखी जागी मोठा आधार देते, आणि एका पांघरुणावरून होणारी ओढाताणही टळते.

कोण कुठे झोपणार यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. चिठ्ठीत न्याय असतो, पण ज्या मुलीला आधार हवा आहे ती चिठ्ठीने गॅलरीच्या काचेशेजारी, दोन अनोळखी मुलींच्या पलीकडे जाऊन पडू शकते. त्यापेक्षा मुली खाली खेळत असताना आपणच उशा मांडून ठेवाव्यात. पहिल्यांदाच घराबाहेर झोपणारी मुलगी मधोमध, तिच्या खास मैत्रिणीशेजारी. रात्री उठणारी पॅसेजकडच्या टोकाला. ज्या दोघींचं बोलणं संपतच नाही त्या शेजारी शेजारीच असू देत, पण भिंतीकडे. त्यांना दोन टोकांना टाकलं तर त्या सगळ्यांच्या अंगावरून एकमेकींशी बोलतात. मांडून ठेवलेल्या उशांवर फारसं कुणी भांडत नाही. त्याच वेळी डासांसाठी खिडक्या लावून घ्याव्यात आणि पॅसेजमध्ये छोटा दिवा लावावा. मुली आल्या आल्या बाथरूमची कडी कशी लागते-निघते ते प्रत्येकीकडून करून घ्यावं. रात्री कडी लावायचीच नाही, दार नुसतं लोटायचं, हा नियम. अर्धवट झोपेत अनोळखी कडीशी झटणारी मुलगी फार घाबरते.

रात्र अशी बसली की संध्याकाळचा उतार आपोआप दिसू लागतो. पाच वाजता मुली आल्या की ज्याला वाळायला वेळ लागतो ते काम आधी घ्यावं. पांढऱ्या सुती अभ्र्यांवर कापडाच्या रंगांनी चित्रं काढायला हे वय अगदी योग्य. अभ्र्याच्या आत पुठ्ठा सरकवायला विसरू नये, नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरतो. तासाभरात चित्रं होतात, अभ्रे दोरीवर जातात आणि मुली खाली. लंगडी, लपाछपी, डबा ऐसपैस, जे काय धावायचं ते सोसायटीच्या आवारात साडेसातपर्यंत धावून घ्यावं. मग हातपाय धुणं, घरी फोन, आणि आठच्या आत जेवण. गोड खाऊन मुलं चेकाळतात ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही, तेव्हा आइस्क्रीमची भीती नको. कोल्डड्रिंक मात्र टाळावं, त्यातलं कॅफिन झोप लांबवतं.

सिनेमा दाखवायचाच असेल तर तो अभ्र्यांच्या जागी, संध्याकाळी. जेवणानंतर लावलेला सिनेमा अकराला संपतो, आणि तेव्हा डोळे लाल झालेले असतात पण झोप उडालेली असते. अंधार पडू लागला की शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन तयार होऊ लागतं. प्रखर उजेड त्याला अडवतो, आणि लहान मुलांमध्ये हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणून जेवण झाल्यावर हॉलची मोठी ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावावा आणि मुलींना गोल बसवावं. पत्त्यांत बदाम सात सर्वांत बरा, कारण शेवटपर्यंत सगळ्या खेळात राहतात. एकेक गडी बाद होणारा खेळ या वेळी घेऊ नये. बाद झालेल्या तिघी दहा मिनिटांत उशांची मारामारी सुरू करतात. गाण्याच्या भेंड्याही जेवणाआधीच घ्याव्यात, कारण त्यात आवाज चढतच जातो.

सव्वानऊला दात घासणं, कपडे बदलणं, बाथरूम. एकच बाथरूम असेल तर सहा जणींना अर्धा तास लागतो, तो हिशेबात धरावा. पावणेदहाला सगळ्या अंथरुणावर. इथे भुताच्या गोष्टींची फर्माईश होणारच. ती नाकारावी. दिवा चालू असताना सगळ्यात मोठ्याने हसणारी मुलगीच दोन वाजता भीतीने उठवायला येते. मुलींनी मिळून रचायची साखळी गोष्टही इथे नको, तिचा शेवट किंचाळण्यात होतो. मोठ्या माणसाने जमिनीवर, त्यांच्या उशांशी बसून वाचून दाखवावं. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मुलींना आवडतो, पण पुढे काय होणार ही धाकधूक झोपू देत नाही, तो संध्याकाळसाठी ठेवावा. या वेळी प्राण्यांची, प्रवासाची, आजीच्या लहानपणची, फारसं काही न घडणारी गोष्ट हवी. आवाज हळूहळू खाली आणत जावा. ऐकायला गप्प राहावं लागतं, आणि गप्प राहिलं की दोघी-तिघी तिथेच झोपतात. सव्वादहाला दिवा मालवायचा आणि उरलेल्यांना पंधरा मिनिटं कुजबुजायची मुभा द्यायची. तेवढी दिली की पुढचा ‘आता पुरे’ ऐकला जातो. साडेदहानंतर आपण खोलीतच पुस्तक घेऊन बसावं. काही न बोलता नुसतं बसलेलं माणस पुरतं.

तरीही एखादी उठून येते. तिचं पोट दुखत असतं. या वयात घरची आठवण बहुधा पोटातच दुखते. तिला स्वयंपाकघरात आणून कोमट पाणी द्यावं, शेजारी बसावं, आणि उद्या सकाळी काय काय होणार ते क्रमाने सांगावं. ‘तुझी आई साडेनऊला येणार आहे’ यातली ठरलेली वेळ तिला धरायला मिळते. ‘मोठी झालीस ना आता’ असं म्हणू नये. वीसेक मिनिटांत बहुतेक मुली झोपायला परत जातात. मात्र ताप असेल, दुखणं एकाच जागी असेल किंवा वाढत असेल, उलटी होत असेल, तर वेळ न बघता घरी फोन करावा. आणि रडणं अर्ध्या तासानंतरही थांबत नसेल, तरीही करावाच. तिला न्यायला आले तर सकाळी बाकीच्यांना ‘तिला बरं वाटत नव्हतं’ एवढंच सांगावं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री नऊ तास तरी झोप लागते. इथे ती सात-साडेसात तास होते, म्हणजे सकाळी सगळ्या जणी अपुऱ्या झोपेने चिडलेल्या असतात. भांडणं रात्रीपेक्षा सकाळीच जास्त होतात. त्यामुळे सकाळी नवा खेळ काढू नये. पोहे, दूध, मग प्रत्येकीने आपली गोधडी घडी करून पिशवीत भरायची आणि वाळलेला अभ्रा घ्यायचा. हे रंग दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने इस्त्री केल्यावरच पक्के होतात, ते आयांना सांगावं. नेण्याची वेळ साडेनऊ, सगळ्यांना एकच. कुणी आठला, कुणी बाराला असं झालं की शेवटी उरलेली मुलगी कोमेजते.

घरची मुलगी सगळ्या गेल्यावर तासाभरात क्षुल्लक कारणावरून रडते. तिला समजावत बसू नये. लवकर जेवायला वाढावं आणि दुपारी झोपू द्यावं, पण चारच्या पुढे नाही, नाहीतर रविवारची रात्रही तशीच जाते.